हळदीचे डाग जातात का?

एका माणसाच्या दोन हातांचे ठसे धुऊन जाणार की राहणार, हे एके दिवशी माझ्या आवाजावर ठरत होतं. माझ्या खोट्या आवाजावर. खरा आवाज माझा कुणी फारसा ऐकलेला नाही. फलटणला शाळेत मी हजेरीसुद्धा हेडसरांच्या आवाजात द्यायचे आणि त्याचा प्रसाद हेडसर स्वतःच्या आवाजात द्यायचे.

जयपूरला मी आले ती एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायला. कंपनीनं आमची अख्खी शिफ्टच बंद केली. घरी परत जायचं तर आई लग्नाचं काढणार. म्हणून गोपालपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर चिकटून राहिले. आजूबाजूला सगळ्या कोचिंगच्या पोरी, भिंतीवर फॉर्म्युले लावून बसलेल्या. त्यांच्यात मीच एक बिनपरीक्षेची. तिथंच कुणाच्या तरी ओळखीतून काकू भेटल्या.

काकू साताऱ्याकडच्या. काका फौजेत होते, शेवटची पोस्टिंग जयपूरची, रिटायर झाले ते इथंच विद्याधर नगरात राहिले. काकू जुन्या साड्यांच्या रजया करून देतात. महाराष्ट्रातून लोक आईची, आजीची, स्वतःची साडी कुरिअरनं पाठवतात. इथं ती धुतात, कापतात, आत पिंजलेला कापूस भरून जयपुरी टाके घालतात, आणि साडीची रजई होऊन परत जाते. दुकान नाही, पाटी नाही. जे काय आहे ते फोनवरची दोन पेजं. एक निळं, एक गुलाबी. नावं काकूंच्या लक्षात राहत नाहीत, चिन्हांचे रंग राहतात. निळ्यावर मावश्या असतात, गुलाबीवर मुली. मावश्या 'सुप्रभात' पाठवून मग भाव विचारतात. मुली नुसता बदाम पाठवतात आणि आपण त्याचा अर्थ लावत बसायचा.

दोन्ही पेजांचे मेसेज एकाच खोक्यात येऊन पडतात, आणि माझं काम ते निवडायचं. तांदूळ निवडतात तसं. प्रत्येक मेसेजला एक लेबल लावायचं: ऑर्डर, तक्रार, नाहीतर चौकशी. ऑर्डर गेली की तिला नंबर पडतो आणि साडीला तोच नंबर लिहिलेली कापडाची पट्टी टाचतात. तक्रार फक्त काकूंनी उघडायची, मी हात लावायचा नाही. कारण पहिल्याच आठवड्यात एका रागावलेल्या बाईंना मी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ठसक्यात उत्तर दिलं होतं, आणि त्यांना ते फार ओळखीचं वाटलं. चौकशी माझी. चौकशीला उत्तरं तयार करून ठेवलेली. एक बटण दाबलं की अख्खं उत्तर जातं: किती दिवस लागतात, साडी कशी पाठवायची, डाग निघतात का.

काकूंचा नियम सोपा होता. पत्ता आला की ऑर्डर, 'अजून' आलं की तक्रार, 'का' आलं की चौकशी. 'अजून आली नाही', 'अजून दोरा निघतोय', सगळं त्यात बसायचं. मी पहिल्यांदा हसले होते. पण महिनाभर निवडल्यावर कळलं, चुकत नाही बाई हा नियम.

आता खरी गंमत. काकूंचे हात सतत कशात तरी गुंतलेले. धुऊन आलेल्या साड्या उलगडून फाटलेलं बघणं, जोड ठरवणं. फोनकडे बघायला त्यांना उसंत नसायची. म्हणून मी मेसेज मोठ्यानं वाचायचे आणि त्या न बघता सांगायच्या, "चौकशी. ऑर्डर. ही तक्रार, ठेव मला." आणि मी नुसतं वाचणारी आहे का? मी प्रत्येकीला आवाज द्यायचे. फोटोत गॉगल असला की नाकातून. फोटोत फूल असलं की घसा खाकरून, मावशीसारखा. सगळं लहान अक्षरांत, पूर्णविराम नाही, तर एका श्वासात. काकू हसून हसून साडी खाली ठेवायच्या. म्हणायच्या, "पोरी, तू नसतीस तर हा धंदा मला रडवून गेला असता." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोला.

थंडीच्या तोंडावर खोकं भरून वाहायला लागतं. त्या दिवसांत माझा पाय स्थिर नसायचा. बसल्या बसल्या गुडघा हलत राहायचा आणि काकू म्हणायच्या, शिलाई मशीन लावलंय का पायाला. एक मेसेज निवडेपर्यंत वर अजून येऊन बसायचे. जेवताना वाटायचं, फोन वाजला. वाजलेला नसायचा. मग वाजायचाच.

अशाच एका सकाळी निळ्या पेजवर मेसेज आला. फोटोत जास्वंदीचं फूल. "नमस्कार. साडीवरचे हळदीचे डाग जातात का धुतल्यावर?"

जास्वंद म्हणजे मावशी. मी पदर खोचला, मान तिरकी केली आणि अशा मावशीच्या आवाजात वाचलं, जी हॉटेलात गेली की आधी ग्लास उजेडात धरून बघते. 'डाग' या शब्दावर तर मी नाकच मुरडलं. काकू खळखळून हसल्या. "आलं बघ 'का'. चौकशी." मी लेबल लावलं, बटण दाबलं. उत्तर गेलं, "नमस्कार ताई. काळजी नसावी. हळद, कुंकू, तेल, सगळे डाग काढून, कडक उन्हात वाळवूनच आम्ही साडी शिवायला घेतो." त्यामागे मी माझ्या मनानं एक जोडलेल्या हातांचं चिन्ह लावलं.

तिकडून वाचलं गेलं. मग आलं, "बरं."

संपलं. चौकशी मिटली की तिच्यावर बरोबरची खूण करायची आणि ती खोक्यातून जाते. माझं बोट त्या खुणेवर गेलं आणि थांबलं.

त्याचं कारण सांगितलं तर येडी म्हणाल. त्या "बरं"ला मला आवाज सापडेना. मी मावशीच्या आवाजात म्हणून बघितलं: "बरं." ग्लास उजेडात धरणारी मावशी अशी नुसतं "बरं" म्हणून जात नाही. ती पुढचं विचारते: साबण कुठला, पाणी कसलं, दुसऱ्यांच्या साड्यांत मिसळता का. जिला डाग काढायचेत तिला आम्ही 'निघतात' म्हटलं, तर ती खूश होणार. आभार मानणार, निदान एक अंगठा तरी टाकणार. मी खूश होऊन "बरं" म्हणून बघितलं. बसेना. घाईत म्हणून बघितलं, कुकरची शिट्टी होतीये असं. बसेना. शेवटी हळू म्हटलं, खाली बघून, रिझल्टच्या बोर्डावर स्वतःचं नाव शोधून झाल्यावर पोरगी म्हणते तसं. ते बसलं.

काकू म्हणाल्या, "काय गं, मंत्र म्हणतीस का?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुला रिकामं बसवत नाही म्हणून काहीतरी काढतीस, पुढचा वाच. मी पुढचा वाचला, त्याच्या पुढचा वाचला. पण मन मागंच. पाणी प्यायला उठले, गॅलरीत गेले, परत आले. मग काकूंना न विचारता टाईप केलं, "ताई, एक विचारते. ते डाग तुम्हाला काढायचेत, की राहू द्यायचेत?"

उत्तर यायला लागलं. ते तीन ठिपके हलतात, थांबतात, परत हलतात, तसं कितीतरी वेळ चाललं. मग एकदम मोठाच्या मोठा मजकूर. तो मी काकूंना वाचून दाखवला, पण कुठलाही आवाज न लावता.

तिच्या हळदीची साडी होती. मोतिया रंगाची, सुती. हळद लावून झाल्यावर तिच्या बाबांनी चेष्टा म्हणून मागनं येऊन दोन्ही हात हळदीत बुडवून तिच्या पाठीवर थाप मारली होती. सगळ्या बायका ओरडल्या आणि ही रुसली, साडी खराब केली म्हणून. तिनं ती कधी धुतली नाही. आता बाबांचा उजवा हात उचलत नाही. झटका येऊन गेला. जीभही जड झालीय. त्यांच्या स्वतःच्याच अंगावर घालायला रजई करायची, आणि ते दोन हात बरोब्बर मधे येतील असं बघायचं, म्हणून साडी पाठवली. शेवटी लिहिलं होतं, "पण तुम्ही धुऊनच घेता हे मला माहीत नव्हतं. भावानं पाठवली. एव्हाना गेले असतील डाग. असू दे. तुमची काही चूक नाही."

काकूंच्या हातात कुणाची तरी पैठणी होती. ती त्यांनी बाजूला सरकवली.

"ह्या नावाची ऑर्डर बघ."

नव्हती. निळ्यावर नव्हती, गुलाबीवर नव्हती. ऑर्डर भावानं केलेली आणि भावाचं नाव तिनं लिहिलेलं नाही. मी विचारलं, तर मेसेज गेला पण वाचला जाईना. नंतर कळलं ती शाळेत शिकवते, तास सुरू झाला होता. मग मी खोक्यात 'हळद' शोधलं. आणि आली की ढीगभर हळद. जिथं जिथं मी ते तयार उत्तर पाठवलं होतं, तिथं तिथं हळद. "हळद, कुंकू, तेल, सगळे डाग." माझीच हळद माझ्याच डोळ्यात.

काकूंनी तोवर मास्टरजींना फोन लावला. मास्टरजी म्हणजे आमच्या रजया कापणारे आणि टाके घालणारे. त्यांना विचारलं, मोतिया साडी, पाठीकडं हळदीचे हात, कापायला घेतलीय का. ते म्हणाले, असलं काही टेबलावर आलेलंच नाही. म्हणजे साडी एकतर काकूंच्या घरात होती, नाहीतर धोब्याकडं. घरात नव्हती, सगळी कपाटं उपसली. कालच धोबी भैया मोठं बोचकं घेऊन गेले होते.

धोब्याला फोन. उचलेनात. पाण्यात हात असले की ते फोन घेत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. आणि हात पाण्यात म्हणजे साडीही पाण्यात.

काकूंनी स्कूटी काढली, मी मागं. धोबी भैया असायचे राजा पार्कच्या मागच्या गल्लीत. एरवी काकू इतकं सावकाश चालवतात की सायकलवाले आशीर्वाद देऊन पुढं जातात. त्या दिवशी मी एका हातानं त्यांचा स्वेटर धरलेला आणि दुसऱ्या हातानं फोन. गुलाबीवरच्या पुरुषांच्या ऑर्डरी काढायला लागले. पुरुष कमी असतात आमच्याकडं, तेवढं एक बरं. पत्ता, फोन नंबर, 'एक सिंगल', झालं. पुरुष रजई अशी मागवतात जशी टायर मागवतात. यादीत खाली जाता जाता एकाचा मेसेज सापडला. सैन्याच्या टोपीतला फोटो. पत्ता, नंबर, आणि खाली एक ओळ, "बाकी ताई सांगेल."

बाकी ताई सांगेल. पत्ता आला म्हणून आम्ही ऑर्डरचं लेबल लावून मोकळे. ताई कोण, बाकी काय, कुणी विचारलंच नाही. आणि ताई आली ती दुसऱ्याच दारानं, जास्वंदीचं फूल लावून.

मी त्याला फोन लावला. बंद. ड्यूटीवर असणार. पण ऑर्डरचा नंबर मिळाला. मी काकूंच्या कानात ओरडून सांगितला. त्या म्हणाल्या, "कानठळ्या बसल्या, पण बरं झालं." आणि सिग्नलला थांबलो तिथं पुटपुटल्या, "देवा, धोबी आज उशिरा उठलेला असू दे."

धोबी उशिरा उठलेले नव्हते. दोऱ्यांवर साड्या वाळत होत्या, ऊन असं की डोळे मिटावेत. काकू एका टोकानं आणि मी दुसऱ्या टोकानं पट्ट्या बघत आत शिरलो. ओल्या साड्या गालाला लागत होत्या. मोतिया एक दिसली, पट्टी उलटून बघितली, नंबर वेगळा. धोबी भैया टाकीपाशी उभे, आमच्याकडं बघत. त्यांना वाटलं असेल ह्या दोघी लपाछपी खेळतायत.

काकूंनी नंबर सांगितला. ते वाकले, आणि एका टबातून साबणाच्या फेसातून कापडाचं टोक वर काढलं.

"ये वाली? भिगो दी है जी. अभी रगड़ी नहीं."

त्यांनी साडी उचलली. पाणी निथळलं. आणि आतून लाल निघालं. पिवळं नाही, लाल, कुंकवासारखं. मी किंचाळले असते, पण आवाजच फुटला नाही. माझ्याकडं एवढे आवाज, एकही फुटला नाही.

काकू मात्र शांत. त्यांनी पदर खोचला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे त्यांना घरच्या रुमालांवरनं माहीत होतं. मलाही माहीत होतं खरं तर, कुणाला नसतं. पण त्या लाल हातांकडं बघताना काही आठवत नव्हतं. त्या म्हणाल्या, साधं पाणी घाल, नुसतं साधं, हात लावू नको, चोळू नको. धोबी भैयांनी नळाची पाइप आणली. आम्ही दोघींनी साडी पाळण्यासारखी धरली आणि वरनं पाणी सोडलं. फेस गेला. लाल हळूहळू उतरलं. खालनं पिवळं वर आलं. आधी तळवे. मग बोटं, एकेक. डावा हात आला पूर्ण. उजवा आला तोही, पण फिकट आणि करंगळी नाही. तिथं नुसती ओली मोतिया साडी.

काकू म्हणाल्या, उन्हात घालू नका. ऊन हळद खातं. आम्ही ती ओलीच घडी न घालता गुंडाळली आणि घरी आणून आतल्या खोलीत, काकांच्या खाटेवर सावलीत पसरली. काका दुपारचे झोपायला आले, बघितलं, आणि सोफ्यावर जाऊन झोपले. फौजी माणूस, ठाणं हातचं गेलं हे त्यांना लगेच कळतं.

आता सांगायचं कसं. काकूंनी ठरवलं की मी लिहायचं. मी म्हटलं, तक्रारी तुमच्या. त्या म्हणाल्या, तिनं तक्रार केलीय कुठं? मी फोटो काढला, जवळनं, करंगळीची जागा दिसेल असा. लिहिलं, पुसलं, लिहिलं. 'क्षमस्व' लिहिलं तर ते बँकेसारखं वाटलं. शेवटी जे झालं ते लिहिलं: साडी साबणात गेली होती, चोळायच्या आधी काढली, डावा हात आहे, उजवा फिकट आहे, करंगळी गेली. आता शिवताना पुन्हा पाणी लागणार नाही. तुम्ही म्हणाल तसं करू.

तास सुटल्यावर तिनं बघितलं असणार. उत्तर आलं नाही. ती संध्याकाळ मी कशी काढली ते सांगत नाही. खोलीवर गेले, शेजारची पोरगी रसायनशास्त्र पाठ करत होती, तिला म्हटलं माझी परीक्षा घे. ती म्हणाली, कशात?

सकाळी मेसेज होता. "शिवू नका. तशीच पाठवा. आता त्यावर सुई नको." काकूंनी वाचायला लावला, मग परत वाचायला लावला. ऑर्डर रद्द, हे मी लेबल काढताना बोलले. काकूंनी कपाटातनं काकांचं एक मऊ धोतर काढलं, आणि त्यात साडी गुंडाळली, हात आतल्या बाजूला येतील अशी. कुरिअरवाल्या पोऱ्याला त्यांनी इतक्या सूचना दिल्या की तो म्हणाला, आंटीजी, अंडे हैं क्या.

त्याच आठवड्यात आमचं तयार उत्तर बदललं. आता ते उत्तर नाही, प्रश्न आहे. काकूंनी सांगितला, मी टाईप केला: डाग काढायचे की ठेवायचे, आणि ठेवायचे असतील तर कुठले. तुम्हाला खोटं वाटेल, पण लोक लिहितात. एकीनं लिहिलं, पदराला पेनची शाई आहे ती ठेवा, पोरगा पहिल्यांदा लिहायला लागला तेव्हाची आहे. एकीनं लिहिलं, सगळे काढा, एकही ठेवू नका, आणि पुढं काही नाही. तेही ठसक्यात वाचायला गेले आणि आवाज सापडेना. नुसतं वाचलं. काकूंनी लेबल सांगितलं, पुढचा वाचायला लागले. पाय हलायचा तो हलतच होता.

मग एक दिवस निळ्यावर जास्वंदीकडनं मेसेज आला. लिहिलेला नव्हता, बोललेला होता. आम्ही दोघी फोनवर वाकलो. मावशीचा आवाज नव्हताच तो. माझ्याएवढीच असेल, भराभरा बोलणारी, तोंडात काहीतरी चघळत. म्हणाली, पोचली साडी. बाबांच्या पायांवर घातली. त्यांनी बराच वेळ बघितली. मग डावा हात उचलून त्या डाव्या ठशावर ठेवला, आणि काहीतरी बोलले. आम्हाला आधी कळलं नाही, मग कळलं, थांबा, ऐकवते तुम्हाला.

खरखर झाली. भांड्याचा आवाज. मग लांबनं, जड जिभेनं, एकेक शब्द ओढत, एक माणूस म्हणाला,

"करंगळी... ऱ्हायली व्हय... जयपूरला?"

आणि ती हसायला लागली, आणि मागं तोही.